घोडी तीनदा सांगून चुकली होती

गेल्या महिन्यात आठवीच्या उर्दूच्या तासाला 'कनौती' हा शब्द आला. घोड्याचा कान. 'कनौतियाँ बदलना' म्हणजे घोड्याने कान हलवून सावध होणं. एका मुलाने लगेच विचारलं, "सर, बकरीच्या कानाला वेगळा शब्द नाही, म्हशीच्या कानाला नाही, मग घोड्याच्याच कानाला का?" प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, बकरीवर कोणी बसत नाही म्हणून. घोड्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या आधी काय दिसतं, तर ते दोन कान. जे सतत दिसतं आणि ज्यावर हाडं शाबूत राहणं अवलंबून असतं, त्याला माणूस नाव देतोच.

तास संपला, पण माझ्या डोक्यातून एक घोडी जाईना. तिचं नाव बिजली. ती माझ्या मामूची, माथेरानची.

माथेरानला मोटार चालत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेव्हा पुढे जायचं ते पायी, हातरिक्षाने नाहीतर घोड्यावर. मामूकडे तेव्हा तीन घोडे होते. शाळेला सुट्टी लागली की अम्मी मला तिकडे पाठवायची, म्हणायची, "हाताला काम राहील." १९९४ च्या मे महिन्यात मी पंधरा वर्षांचा होतो. खरारा करणं, पाणी पाजणं, चंदीचा तोबरा बांधणं, खोगीर चढवणं आणि लगाम धरून घोड्याबरोबर चालणं एवढं मला येत होतं. म्हणजे मला वाटत होतं की येतं.

त्या दिवशी सीझन जोरात होता. दस्तुरीवर एका कुटुंबाला तीन घोडे हवे होते आणि मामू दुसऱ्या घोड्याचं नाल बघत होता. मी बिजलीवर खोगीर टाकलं आणि तंग ओढायला लागलो. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून, पुढच्या पायाच्या कोपराच्या मागून जाणारा पट्टा, ज्यावर सगळं खोगीर टिकून असतं. मी तो ओढला आणि बिजलीने दोन्ही कान मागे नेऊन मानेला चिकटवले. मी म्हटलं, नखरे. आणखी एक भोक ओढलं. तिने शेपूट झाडली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, इतकी जोरात की केसांचा फटका माझ्या दंडावर बसला. मी समजलो, माशी. मग तिने पुढचा डावा पाय उचलून जमिनीवर आपटला. लाल माती उडाली. मी तिच्या मानेवर थाप मारली, थोडी जोरातच, आणि दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाला वर बसवलं.

पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी त्या तीन गोष्टींबद्दल. कारण तेव्हा मला त्या दिसल्या होत्या. वाचता आल्या नव्हत्या.

घोड्याचा कान मुळापासून फिरतो, जवळजवळ अर्धं वर्तुळ, आणि दोन्ही कान वेगवेगळे फिरू शकतात. घोड्याचं लक्ष जिकडे, कान तिकडे. म्हणून मागे गेलेला प्रत्येक कान रागाचा नसतो. नवशिक्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तुम्ही पाठीवर बसून बोलता, लगाम हलवता, टाच लावता, तेव्हा चांगल्या घोड्याचे कान थोडे मागे वळतात. तो तुमचं ऐकत असतो. त्या वेळी कान उभेच असतात, फक्त त्यांची पोकळ बाजू तुमच्याकडे फिरलेली असते, आणि मध्येच एक कान पुढे जाऊन रस्ता बघून येतो.

चिकटलेले कान वेगळे. ते आडवे होऊन मानेला लागतात, समोरून पाहिलं तर कान जणू नाहीतच. त्यांची पोकळ बाजू दिसत नाही आणि ते फिरत नाहीत, तिथेच राहतात. घोडे भांडतात तेव्हा चावे घेतात, आणि फाटायला सगळ्यात सोपा अवयव कान. तो आधी लपवायचा आणि मग चावायचं, अशी ही जुनी सवय असावी. पुढे तीच खूण झाली. कान चिकटवले की दुसऱ्या घोड्याला कळतं, आता मागे हो. कळपात निम्मी भांडणं एवढ्यावरच मिटतात, दात लावायची वेळच येत नाही. मामूच्या तबेल्यात म्हातारा घोडा फक्त कान पाडायचा आणि बाकीचे दोघे गवतापासून सरकायचे.

माणसाशीही घोडा तीच भाषा बोलतो, कारण त्याच्याकडे दुसरी नाही. मात्र माणसाला कान पाडण्याचं कारण भांडणापेक्षा दुखणंच जास्त वेळा असतं. तेव्हा कानाबरोबर चेहराही बघायचा. दुखत असेल तर डोळ्याच्या वरचा भाग ताणलेला दिसतो, नाकपुड्या आवळलेल्या असतात, हनुवटी घट्ट होते, जबड्याचे स्नायू उठून दिसतात. एक अपवाद सांगून ठेवतो. भरधाव पळणाऱ्या घोड्याचेही कान मागे पडलेले असतात. महालक्ष्मीच्या शर्यतीचा फोटो पाहून 'किती रागावलाय' म्हणू नका, तो जीव तोडून पळतोय एवढंच. आणि सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी किंवा काठेवाडी घोडा पाहिलात तर त्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली दिसतील. तो जातीचा आकार आहे, मिजास नाही. त्याचं मन वाचायचं तर टोकं सोडून कानाच्या मुळाकडे बघायचं, ते कुठे वळलंय ते.

शेपटीची अडचण अशी की स्वाराला ती दिसत नाही. ती त्याच्या पाठीमागे. पण ऐकू येते. केसांचा सपकारा कानावर येतो, आणि जोरात झाडली तर कमरेखाली घोड्याची पाठ ताठ झालेली जाणवते. माशीसाठी हलणारी शेपूट सैल असते, पंख्यासारखी, एका लयीत, आणि उभ्या असलेल्या सगळ्या घोड्यांच्या शेपट्या तशाच हलत असतात. चिडलेली शेपूट ताठ असते. ती वर-खाली आपटते किंवा गोल फिरते, आणि तिला वेळ असते. ही वेळ फार महत्त्वाची. टाच लावली की झाडली, लगाम ओढला की झाडली, उतार लागला की झाडली, असं होत असेल तर त्या वेळी तिथे काय घडतंय ते बघायला हवं. माशी तुमच्या टाचेची वाट बघत बसत नाही. याउलट शेपूट दोन मांड्यांमध्ये दाबून धरली असेल तर भीती किंवा थंडी, आणि झेंड्यासारखी वर गेली असेल तर अंगात आलंय, लगाम सांभाळा.

मग पाय. इथे मराठीत आपण सगळ्यालाच 'पाय आपटतो' म्हणतो, पण घोड्याच्या तीन वेगळ्या हालचाली त्यात मिसळून जातात.

पाय सरळ उचलून सरळ खाली आपटणं ही पहिली. तिचं मूळ कारण माशी आहे आणि त्यामागे शरीराची एक गंमत आहे. घोड्याच्या छातीवर, पाठीवर, बरगड्यांवर कातडीच्या खाली एक पातळ स्नायू असतो. माशी बसली की तो तेवढीच कातडी थरथरवतो आणि माशी उडते. पण हा स्नायू पायांपर्यंत पोचत नाही. शेपूटही पुढच्या पायांपर्यंत पोचत नाही. तबेल्यातली चावरी माशी नेमकी पायांवर बसते, तेव्हा घोड्याकडे एकच उपाय उरतो, पाय आपटायचा. म्हणून झाडाखाली उभे घोडे दुपारभर पाय आपटत असले तरी त्यात काळजीचं काही नसतं. तीच हालचाल मग दुसऱ्या त्रासासाठीही वापरली जाते. आपणही नाही का, चप्पल चावली तरी आणि भावाने चिडवलं तरी पाय आपटतो.

दुसरी हालचाल खुराने माती ओढण्याची. पाय पुढे टाकून मागे खरवडत आणायचा. हे अधीरपणाचं लक्षण. चंदीची पिशवी दिसली की मामूचे तिन्ही घोडे असे खणायला लागायचे. पण खाणं समोर नसताना घोडा खणतोय, मधूनच मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघतोय, बसतोय आणि उठतोय, लीद टाकलेली नाही, तर तो पोटशूळ असू शकतो, आणि घोड्याचा पोटशूळ जीव घेतो. तेव्हा खोगीर काढायचं, खाणं बंद करायचं आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं. सवारीचा विचारही करायचा नाही.

तिसरी हालचाल मागच्या पायाची. घोडा एक मागचा पाय वाकवून खुराचं टोक टेकवून उभा असेल, डोळे अर्धवट मिटलेले, कान बाजूला सैल पडलेले, तर तो विश्रांती घेतोय. पण कान चिकटलेले आहेत आणि मागचा पाय जमिनीवरून उचलला जातोय, ही लाथेची सूचना आहे. पुढचं पाऊल दुगाण्या झाडण्याचं. तेव्हा त्याच्या मागून जायचंच नाही.

आता बिजलीकडे येतो. तिने कान पाडले ते माझा हात तंगाला लागताच. शेपूट झाडली ती मी आणखी एक भोक ओढल्यावर. पाय आपटला तो त्याच बाजूचा, डावा पुढचा, ज्याच्या मागे मी तंग आवळत होतो. आसपास उभ्या घोड्यांपैकी त्या क्षणी कोणीही पाय आपटत नव्हतं. तिन्ही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या आणि प्रत्येक खूण आधीच्या खुणेपेक्षा मोठ्या आवाजात होती. घोडा असाच बोलतो. हळू सांगून ऐकलं नाही की जरा मोठ्याने, आणि तरीही ऐकलं नाही की शेवटी अंगानेच.

आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर ती चालली, पण पावलं आखूड टाकत होती. मी लगाम धरून तिच्या डोक्याजवळ होतो, त्यामुळे कान दिसत होते. ते पुढे आलेच नाहीत. मुलगा माकडं दाखवत होता, हसत होता. एका छोट्या उतारावर खोगीर वजनासकट पुढे सरकलं, तंग कोपराच्या मागे रुतला आणि बिजलीने पाठ कमानीसारखी वर करून मागचे पाय झाडले. एकदाच. मुलगा उजव्या बाजूला पडला, हातावर. मनगटाचं हाड मोडलं.

मुलाला हातरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्याच्या वडिलांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, त्यांचा हक्क होता. मामू धावत आला, आधी त्या मुलाबरोबर गेला, आणि संध्याकाळी तबेल्यावर परतल्यावर त्याने मला बोलावलं. मला वाटलं, आता मार. त्याने कंदील माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "धर."

त्याने खोगीर काढलं. मग उघडा तळहात बिजलीच्या खांद्यावर ठेवला आणि तिथून हळूहळू मागे सरकवत नेला, नजर मात्र हातावर नाही, तिच्या कानांवर. खांद्यावर हात होता तेव्हा एक कान त्याच्याकडे, एक पुढे. पाठीवर गेला, तसेच. बरगड्यांवरून खाली आला आणि कोपराच्या मागे चार बोटांवर पोचला, तेव्हा दोन्ही कान एकदम मानेला चिकटले. हात उचलला, कान सैल झाले. परत ठेवला, परत चिकटले. "दिसलं?" त्याने विचारलं. मी कंदील जवळ नेला. कातडीच्या दोन सुरकुत्यांमध्ये रुपयाएवढी जागा सोललेली होती, सुजलेली, हाताला गरम लागणारी. आदल्या दिवशीचा घाम तंगावर वाळून पापुद्र्यासारखा कडक झाला होता, तो मी झटकला नव्हता. वर तंग एका दमात ओढल्यामुळे कातडीची घडी त्याच्याखाली अडकली होती. जखम आदल्या दिवसापासून होत असणार. मी सकाळी खरारा केला होता, पण पोटाखाली वाकायचा कंटाळा केला होता.

त्या रात्री मामूने मला तंग कसा आवळायचा ते शिकवलं, दुसऱ्या घोड्यावर. आधी तंग हाताने चोळून मऊ करायचा, माती आणि घाम झटकायचा. खोगीर जरा पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे केस सरळ बसतात. पहिल्यांदा फक्त एवढाच आवळायचा की खोगीर घसरू नये. मग घोड्याला दहा-बारा पावलं चालवायचं. मग एक भोक. मग पुढचे दोन्ही पाय एकेक करून उचलून समोर ताणायचे, त्याने तंगाखालची सुरकुती निघून जाते. शेवटी तंगाखाली बोटं सपाट घालून बघायची, ती अडून, पण जायला हवीत. आणि स्वार बसवल्यावर थोडं अंतर जाऊन परत एकदा बघायचं, कारण बरेच घोडे तंग बांधताना पोट फुगवून धरतात. मी म्हटलं, मामू, सीझनमध्ये एवढा वेळ कुठे? तो म्हणाला, "जल्दी किसको है? घोडी को तो नहीं है."

खूप वर्षांनी, बी.एड. होऊन मास्तर झाल्यावर, मी इंग्लंडच्या पशुवैद्य स्यू डायसन यांच्या कामाबद्दल वाचलं. स्वार पाठीवर असताना दुखणारा घोडा काय काय करतो याची त्यांनी चोवीस वर्तनांची यादी केली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात पाच सेकंद किंवा जास्त वेळ मागे राहिलेले कान आहेत, वारंवार झाडलेली शेपूट आहे. चोवीसपैकी आठ किंवा अधिक दिसली तर दुखण्याचा संशय घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातली सावधगिरी आवडली. एका खुणेवरून काहीच ठरत नाही. आणि आकडा आठाच्या वर गेला तरी दुखतंय कुठे ते यादी सांगत नाही, त्यासाठी घोडा तपासावाच लागतो. दात, पाठ, खूर, लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, पोटातला अल्सर, काहीही असू शकतं. मामूचा तळहात तेच शोधत होता.

बिजलीला तीन आठवडे खोगीर लागलं नाही. मिठाच्या कोमट पाण्याने मी रोज ती जागा धुवायचो. मे महिन्यातले तीन आठवडे म्हणजे घोडेवाल्याची वर्षाची कमाई, शिवाय मुलाच्या प्लास्टरचा खर्च मामूने दिला. त्या वर्षी ईदला मामूच्या घरी नवे कपडे आले नाहीत. हे मला अम्मीने सांगितलं, मामूने नाही.

जखम भरली, केसही उगवायला लागले, तरी एक गोष्ट राहिली. जूनच्या सुरुवातीला, घोडे खाली न्यायच्या आधी, मामू म्हणाला, "आज तू बांध." मी तंग उचलला आणि अजून हात तिच्या अंगाला लागलाही नव्हता तोच कान मागे गेले. मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. कातडी बरी झाली होती, मामूने दाबून पाहिलं होतं, तिथे आता काही दुखत नव्हतं. तिला माझा हात आठवत होता. हेही या भाषेतलं एक फसवं वळण आहे. कान आजच्या दुखण्याचेच असतील असं नाही, परवाच्या दुखण्याचेही असतात, आणि ते मारून सरळ होत नाहीत.

मी तंग खाली ठेवला. तिची मान चोळली. परत उचलला, नुसता तिच्या बरगडीला टेकवला, काढला. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही, ऊन पायरीवरून भिंतीवर गेलं एवढं आठवतं. मग सैल बांधला, दहा पावलं चालवली, एक भोक ओढलं. पाय आपटला नाही. शेपूट एकदा हलली, पण सैल. डावा कान माझ्या हाताबरोबर फिरत होता, बोट हललं की तो हलायचा. उजवा समोर रस्त्याकडे होता.

मामूने तेवढं पाहिलं, चंदीची पिशवी खांद्यावर टाकली आणि पुढे चालायला लागला.